चिरोट्याचे पदर: साटा लावण्यापासून तळणीपर्यंत

चिरोटा कढईत फुलतो, पण त्याचे पदर सुटणार की नाही हे पोळपाटावरच ठरलेलं असतं. तळताना आच चुकली तर चांगला चिरोटा बिघडतो, मात्र पोळपाटावर बिघडलेला चिरोटा कोणतीही आच सुधारू शकत नाही. म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त जागा साट्याला आणि लाटण्याला दिली आहे. इथे सांगते आहे ते गोल, फुलासारखे उमलणारे, वरून पिठीसाखर लावलेले चिरोटे. पाकातल्या चिरोट्यांबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

आधी प्रमाण. 250 ग्रॅम मैदा, म्हणजे साधारण दोन वाट्या. त्यात दोन मोठे चमचे अगदी बारीक रवा, चिमूटभर मीठ आणि मोहनासाठी तीन मोठे चमचे कडकडीत तापवलेलं साजूक तूप. भिजवायला अर्ध्या कपाच्या आसपास पाणी. साट्यासाठी पाच मोठे चमचे थिजलेलं साजूक तूप आणि तेवढेच चमचे तांदळाची पिठी. एवढ्यात नऊ पोळ्या, तीन वळकट्या आणि सुमारे तीस चिरोटे होतात. पहिल्यांदा करणाऱ्यांनी याहून जास्त घाट घालू नये, कारण साटा लावलेल्या वळकट्या ताटात फार वेळ थांबलेल्या चालत नाहीत.

पीठ

मैदा, रवा, मीठ एकत्र करून मध्ये खळगा करायचा आणि त्यात गरम मोहन ओतायचं. चुरचुर आवाज आला पाहिजे. चमच्याने कालवून, हाताला सोसेल इतपत निवलं की दोन्ही तळव्यांत पीठ चोळायचं. मूठ दाबली तर मुटका वळावा आणि बोट लावताच तो मोडावा, एवढं मोहन पुरे. चिरोटे खुसखुशीत व्हावेत म्हणून पुष्कळजणी मोहन वाढवतात, पण शंकरपाळ्याचा हिशोब इथे लागू पडत नाही. चिरोट्याला साट्यातूनही तूप मिळतं. मोहन जास्त झालं की पदरांना एकमेकांपासून वेगळं उभं राहण्याएवढा चिवटपणा राहत नाही आणि ते तुपात विरघळून तळाशी चुरा साचतो.

मी पीठ पाण्यात भिजवते, दुधात नाही. दुधातले चिरोटे चवीला मऊसर गोड लागतात, पण लवकर तांबूस होतात. या तळणीत आपल्याला बराच वेळ हवा असतो. रंग लवकर चढला तर आपण चिरोटा लवकर बाहेर काढतो आणि आतला ओलावा आतच राहतो. दुसऱ्या दिवशी तोच चिरोटा चिवट लागतो.

पीठ पुरीच्या पिठाएवढं घट्ट भिजवा आणि ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा. रवा तेवढ्या वेळात फुलतो. मग पुन्हा तिंबायचं. पूर्वी पाट्यावर वरवंट्याने कुटायचे, आता फूड प्रोसेसरमध्ये दोन वेळा फिरवलं तरी काम होतं. हाताने करत असाल तर दहा मिनिटं नेटाने मळा. पीठ ओढलं असता न तुटता थोडं लांबलं, म्हणजे त्याची पातळ पोळी फाटणार नाही. नंतर त्याच्या नऊ सारख्या लाट्या करून झाकून ठेवा.

साटा

पोळ्यांना नुसतं तूप का लावत नाहीत? तूप पोळीत मुरतं आणि कढईत गेल्यावर वितळून वाहून जातं. दोन पदरांमध्ये काही उरलंच नाही तर ओलं पीठ ओल्या पिठाला चिकटतं. पिठी तूप धरून ठेवते आणि स्वतः कोरडा थर बनून मध्ये बसते. तांदळात मैद्यासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे ती दोन पोळ्यांना सांधत नाही, उलट दूर ठेवते. तळताना पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती या थराशी अडते आणि वरचा पदर उचलते.

पिठी पीठ चाळायच्या सर्वांत बारीक चाळणीने, शक्य असेल तर मलमलच्या कापडातून चाळून घ्या. रवाळ पिठी पातळ पोळीला भोकं पाडते. मोदकाची पिठी चालते, पण ती पूर्ण कोरडी असू द्या. धुतलेल्या तांदळाच्या पिठीत किंचित ओल राहिली असेल तर साट्याच्या गुठळ्या होतात. शंका आली तर पिठी मंद आचेवर, रंग न बदलता दोन मिनिटं परतून गार करा.

आता फेसणं. थिजलेलं तूप परातीत घेऊन तळव्याने गोल गोल फेसायला लागा. आधी ते पिवळसर आणि कणीदार असतं. तीन-चार मिनिटांनी कणी मोडते, मग रंग उतरत पांढुरका होतो आणि तूप लोण्यासारखं तळव्यावर चढायला लागतं. मग एकेक चमचा पिठी घालत फेसणं चालू ठेवायचं. पाचवा चमचा जाईपर्यंत साटा पांढराशुभ्र, हलका आणि बोटाने उचलला तर टोक धरणारा झाला पाहिजे. एवढ्याला मला पंधरा मिनिटं लागतात. तूप फारच पातळ असेल तर परातीखाली बर्फाच्या पाण्याचं पातेलं ठेवून फेसा.

साटा झाला का, हे बघायची जुनी रीत म्हणजे वाटीभर गार पाण्यात त्याचा थेंब टाकून पाहणं. तरंगला तर झाला, बुडाला तर आणखी फेसा. ही परीक्षा खरी आहे. तूप पाण्याहून हलकं असतं, पण पिठी जड. या प्रमाणात ती नुसती कालवली तर मिश्रण बुडतं. ते तरंगायला लागलं याचा अर्थ आपण त्यात पुरेशी हवा कोंडली आहे. तीच हवा पुढे पदरांच्या मध्ये जाते.

हवामानाप्रमाणे साट्याचा हात बदलावा लागतो. दिवाळी ऑक्टोबरात लवकर आली की मुंबईत आणि कोकणात दुपारी तूप थिजतच नाही. अशा वेळी पिठीचा एक चमचा वाढवा, साटा दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि लाटायचं काम सकाळी लवकर उरका. उलट, थंड देशातल्या स्वयंपाकघरात साटा इतका घट्ट होतो की पसरवताना पोळी फाटते. तिथे वाटी नुसती कोमट पाण्याच्या भांड्याजवळ ठेवली तरी पुरते. साटा खोबरेल तेलासारखा वाहता नको आणि फ्रीजमधल्या लोण्यासारखा टणकही नको. तळव्याने लावला की पोळीवर पातळ, अपारदर्शक पांढरा थर राहिला पाहिजे.

पोळ्या आणि वळकटी

लाटी शक्यतो पीठ न लावता लाटा. फारच चिकटत असेल तर चिमूटभर तांदळाची पिठी भुरभुरा, मैदा नको. साधारण नऊ इंचांची पोळी हवी. ती इतकी पातळ असावी की पोळपाटाचा रंग तिच्यातून जाणवेल, कडा मधल्याएवढ्याच पातळ. कडा जाड राहिल्या की वळकटीच्या टोकांचे चिरोटे कच्चे राहतात. नऊही पोळ्या आधी लाटून फडक्याखाली ठेवल्या तरी चालतं, फक्त एकीवर एक रचू नका.

पहिली पोळी पोळपाटावर घेऊन तिच्यावर नवव्या भागाएवढा, म्हणजे एक मोठा चमचा भरून साटा तळव्याने पसरवा. कडेपर्यंत जाऊ द्या. वर दुसरी पोळी, पुन्हा साटा, मग तिसरी आणि तिच्यावरही साटा. पोळी ठेवताना मधून बाहेर हलका हात फिरवून हवेचे फुगे काढून टाका. साट्यातली बारीक हवा आपल्याला हवी असते, पण पोळ्यांमधला मोठा फुगा कढईत फुटतो आणि तिथेच चिरोटा उसवतो.

आता आपल्याकडची कड पकडून घट्ट वळकटी करायला घ्या. पहिला वेढा अगदी बारीक आणि घट्ट हवा. सैल वळलेल्या वळकटीच्या मधोमध भोक राहतं आणि चिरोटा कढईत सुटून रिबिनीसारखा होतो. प्रत्येक वेढ्याला वळकटी किंचित मागे ओढून पुढे न्या. दाबायची नाही, ओढायची. दाबलं की साटा पुढे सरकत जाऊन शेवटच्या कडेशी गोळा होतो आणि आतले वेढे कोरडे राहतात. शेवटच्या कडेला बोटभर रुंदीत साटा पुसून तिथे पाण्याचं बोट फिरवा, म्हणजे कड चिकटेल. साऱ्या चिरोट्यात चिकटायला हवी अशी एवढीच जागा.

वळकटी हाताखाली हलकेच एकदा फिरवली की सारखी होते. ती साधारण सव्वा इंच जाडीची असते आणि मधून बाहेर मोजलं तर बारा-तेरा पदर भरतात. ओल्या फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. ही पायरी गाळू नका. साटा आवळला की कापताना पदर एकमेकांवर घसरत नाहीत.

मग धारदार सुरीने पाऊण इंचाचे तुकडे करा. सुरी करवतीसारखी मागेपुढे नको, वरून सरळ खाली एकच घाव, आणि दर दोन-तीन तुकड्यांनी पातं पुसा. कापलेला तुकडा हातात घेऊन नीट बघा. पिठाच्या पिवळट वेढ्यांमध्ये साट्याची पांढरी रेघ सलग दिसली पाहिजे. रेघा दिसल्या तर पदर सुटणारच. तुकडा सगळीकडून एकसारखा, गुळगुळीत दिसला तर साटा पातळ होऊन पोळीत मुरला आहे. अशा तुकड्यांना चिरोटे करण्याचा हट्ट धरू नका. ते पातळ लाटून, टोचे मारून तळले तर चांगल्या खाऱ्या पुऱ्यांसारखे खाता येतात.

लाटणं: बहुतेक चिरोटे इथे बिघडतात

तुकडा कापलेली बाजू वर करून पोळपाटावर उभा ठेवा. तळव्याने सरळ खाली दाबून चपटा करा. मग लाटण्याने मधून बाहेर, एकदा उभं आणि एकदा आडवं, एवढंच. चिरोटा अडीच इंचांचा आणि अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित जाड राहू द्या.

लाटणं जोराने फिरलं की वेढ्यांच्या कडा एकमेकींवर ओढल्या जातात आणि पृष्ठभाग लिंपल्यासारखा बंद होतो. आत पदर शाबूत असतात, पण वाफेला बाहेर पडायला वाट नसते. माझे स्वतःचे पहिल्या दोन दिवाळ्यांचे चिरोटे याच कारणाने गेले. साटा उत्तम, वळकटी घट्ट, पण मी ते पुरीसारखे फिरवून फिरवून पातळ लाटत होते. कढईत ते पुरीसारखे टम्म फुगले आणि नंतर बसले. आत्या शेजारी उभी होती. तिने माझ्या हातातून लाटणं काढून घेतलं आणि म्हणाली, “तू तुकडा नुसता तळहाताने दाब बघू.” तो एक चिरोटा गुलाबासारखा उमलला. तेव्हापासून मी आधी तळव्यानेच दाबते आणि लाटण्याचा उपयोग फक्त जाडी सारखी करण्यापुरता करते.

लाटणं जमत नसेल तर लांबट चिरोटे करा. तुकडा आडवा ठेवायचा, कापलेल्या बाजू डावी-उजवीकडे येतील असा, आणि वरून एकदा लाटणं फिरवायचं. त्यात लाटणं कापलेल्या बाजूला लागतच नाही, त्यामुळे पदर बंद व्हायची भीती कमी. दिसायला ते पुस्तकाच्या पानांसारखे दिसतात. नवशिक्यांना मी हेच आधी करायला सांगते.

तळणी

एका वळकटीचे चिरोटे लाटले की ते तळून मग दुसरी वळकटी फ्रीजमधून काढायची. सगळे आधी लाटून ठेवले तर वरचे कोरडे पडतात आणि साटा वितळतो.

कढई पसरट, तळायला साजूक तूप किंवा तूप आणि रिफाइंड तेल निम्मं निम्मं. चिरोटा बुडून वर बोटभर राहील एवढी खोली हवी. तूप मध्यम तापवून पिठाचा लहानसा गोळा टाका. तो तळाशी जाऊन चार-पाच सेकंदांनी बारीक बुडबुडे सोडत संथपणे वर आला तर तापमान बरोबर. थर्मामीटर असेल तर 140 ते 150 अंश सेल्सिअस. गोळा टाकताच उसळून वर आला तर गॅस बंद करून थोडं थांबा.

चिरोट्याची ज्या बाजूला वेढे जास्त स्पष्ट दिसतात ती बाजू वर ठेवून अलगद सोडा. एका वेळी तीन किंवा चार, जास्त नाही, नाहीतर तूप एकदम निवतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याला झारा लावू नका. साटा अजून वितळत असतो आणि पदर नाजूक असतात. चिरोटा वर तरंगला की झाऱ्याने कडेचं गरम तूप त्याच्या मध्यावर उडवत राहा. पाच-सहा वेळा तूप पडलं की मधला वेढा किंचित वर उचललेला दिसेल, मग त्याच्या शेजारचा, आणि तसंच बाहेरपर्यंत. पदरांच्या कडा आधी ओल्या, चकचकीत असतात. त्या कोरड्या आणि मळकट पांढऱ्या झाल्या की पदर जागच्या जागी बसले असं समजा. मगच एकदा उलटा. त्याआधी उलटलात तर उघडलेले पदर स्वतःच्या वजनाने पुन्हा मिटतात.

आता गॅस अगदी मंद करून तळत राहा. एका घाण्याला सहा ते आठ मिनिटं लागतात आणि ती लागू द्यावीत. बाहेर काढायची खूण रंगापेक्षा बुडबुड्यांत आहे. बुडबुडे म्हणजे आतलं पाणी. ते जवळजवळ थांबले आणि कढईतला चुरचुर आवाज बारीक झाला म्हणजे आतले पदरही कोरडे झाले. रंग तोवर फिकट बदामी असतो. पांढरेशुभ्र चिरोटे दिसायला सुरेख, पण बुडबुडे चालू असताना काढले असतील तर डब्यात ते दोन दिवसांत सादळतात. काढतानाही अंगभूत उष्णतेने रंग एक छटा चढतो, तेवढी जागा ठेवा.

चिरोटे काढताना झाऱ्यावर क्षणभर तिरके धरा आणि चाळणीत उभे लावा, एकमेकांना टेकून, कापलेली बाजू आडवी. पदरांमध्ये भरपूर तूप धरलेलं असतं. आडवे ठेवले तर ते खालच्या पदरांत साचतं आणि चिरोटा तुपकट लागतो. चाळणीखाली ताट ठेवा, पंधरा मिनिटांत त्यात किती तूप जमतं ते बघून आश्चर्य वाटेल.

तळताना दिसणाऱ्या दोन गोष्टींवरून कारण ओळखता येतं. कढईत पांढरी पिठी सुटून तूप गढूळ झालं तर तूप पुरेसं तापलेलं नव्हतं, किंवा साटा फार जाड थापला गेला. पहिल्या कारणावर आच वाढवून पुढचा घाणा वाचतो. दुसऱ्यावर मात्र बाकीच्या पोळ्यांना साटा पातळ लावण्यावाचून उपाय नाही. चिरोटा बाहेरून बदामी, पण मोडल्यावर मधला गड्डा ओला पांढरा निघाला तर आच जास्त होती. बाहेरचे पदर आधीच कडक होऊन बसले आणि आतल्यांना सुटायला जागा मिळाली नाही. अशा चिरोट्यांना अजून साखर लावली नसेल तर ते 120 अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवून वाळवता येतात. पदर सुटत नाहीत, पण कच्चेपणा जातो.

साखर

पिठीसाखर वेलचीपूड घालून चाळून घ्या. चिरोटे हाताला कोमट लागतील तेव्हा गाळणीतून वरून भुरभुरा. गरम असताना लावली तर वाफेने साखर ओली होऊन डाग पडतात आणि पदर मऊ पडतात. पार गार झाल्यावर ती चिकटत नाही, डब्यात गळून पडते. कोमट चिरोट्यावरचा तुपाचा हलका पापुद्रा तिला धरून ठेवतो.

आठवड्याहून जास्त टिकवायचे असतील तर मी साखर लावतच नाही. चिरोटे दोन तास उघड्यावर पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात उभे रचते, थरांमध्ये कागद घालते आणि वाढताना साखर भुरभुरते. साखर हवेतला ओलावा ओढते, आणि दमट गावांत हा फरक चौथ्या-पाचव्या दिवशीच जाणवतो.

पाकातले करायचे असतील तर एक वाटी साखरेला अर्धी वाटी पाणी घेऊन दोनतारी पाक करा. एकतारी पाकात पाणी जास्त असतं, ते पदरांत शिरतं आणि सगळी मेहनत मऊ पडते. पाक गरम असताना चिरोटा झाऱ्यावर धरून पळीने वरून पाक सोडा आणि लगेच चाळणीत उभा करा. बुडवून ठेवू नका. या पाकात लिंबू पिळू नये, कारण लिंबाने साखर पुन्हा दाणेदार व्हायला उशीर होतो. आपल्याला मात्र ती अर्ध्या तासात वाळून पांढरी, कोरडी बसायला हवी असते. बोट लावलं तर चिकटणार नाही इतका चिरोटा वाळला की मगच डबा बंद करा.